कापसाचा शंकरपट

सकाळी साडेदहाला हरीओमचा बैल टेबलाच्या मध्यावर अडला.

बैल म्हणजे कापसाचा बोळा, आणि टेबल पलंगावर आडवं सरकवायचं, जेवणाचं. वाशीमच्या त्या रुग्णालयातल्या मुलांच्या वॉर्डात वैजयंतीमॅडमची शाळा भरायची. तिथं कुणाला पलंग सोडता येत नव्हता, म्हणून शंकरपटच, म्हणजे बैलांची शर्यतच, पलंगापलंगाशी फिरायचा. फुंकायची नळी ज्याची त्याची वेगळी. एकेकानं फुंकायचं, वेळ लिहायची, मग वजाबाकी करून कोण किती मागं ते सांगायचं. साक्षीची मांडी मोडलेली, पायाला वजन लटकलेलं. तिला उठता येत नसल्यानं ती आरशात पाहून घड्याळ लावायची आणि समालोचन करायची. जीभ मात्र शाबूत होती.

हरीओम कामरगावचा. निमोनियानंतर छातीत पू झाला, बरगड्यांतून नळी घातली. नळीचं दुसरं टोक पलंगाखालच्या बाटलीतल्या पाण्यात. दुखतं म्हणून तो श्वास चोरायचा, त्यामुळे फुप्फुस उघडत नव्हतं. उद्याच्या एक्स-रेतही ते तसंच दिसलं, तर ऑपरेशनसाठी अकोल्याला न्यावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. म्हणून निता सिस्टरनी दुखण्याचं औषध दिल्यावर अर्ध्या तासानंच मॅडमनी पट लावला होता. तरी त्याची फुंकर मिशी हलवण्यापुरतीही नव्हती.

"कामरगावचा बैल पानी प्यायले थांबला," साक्षी म्हणाली. "कोनी त्याले कुटार टाका."

हरीओमचे आजोबा पुंजाजी उशाशी बसलेले. गावच्या पटात त्यांची बैलजोडी कधी अशी थांबली नव्हती. मॅडम पाटीकडे वळताच त्यांनी मागून हळूच फुंकर मारली. बैल टेबल ओलांडून थेट सिस्टरच्या ट्रेमध्ये गेला.

"कामरगाव बाद," आरशातून साक्षी म्हणाली. "बैलाच्या मागं म्हतारा होता."

पुंजाजींनी वारा आल्याचं सांगितलं. पंखा बंद होता.

हरीओम हसला. दुखू नये म्हणून मॅडमनी उशी त्याच्या बरगडीशी दाबून धरली. हसता हसता खोकला आला, डोळ्यांत पाणी आलं, आणि बाटलीतल्या नळीत पाणी वरखाली उसळलं. सिस्टर वाकून पाहत राहिल्या. श्वास खोल गेला की ते तसं उसळायचं.

"मले हसवू नोको," हरीओम म्हणाला. मग: "पुन्हा लावा. आबाले बाहेर पाठवा."

पुंजाजी दारात जाऊन उभे राहिले. या खेपेला बैल टेबलाच्या टोकाच्या रेघेपार गेला. हरीओम शेवटून पहिला आला, पण वजाबाकी त्याचीच बरोबर निघाली. दुपारी त्यानं कुणी न सांगता फुंकून बैलाच्या आणखी चार फेऱ्या केल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक्स-रे काढला. डॉक्टर ऑपरेशनमध्ये होते. दुपारपर्यंत तो त्यांनी पाहिला नव्हता. कामरगावचा बैल बाद ठरवल्याविरुद्ध पुंजाजींनी केलेली तक्रारही साक्षीनं अजून निकालात काढलेली नव्हती.