चिठ्ठीच्या तळाची ओळ

महेजबीनने क्लबात पाय ठेवला, त्याच गुरुवारी विजयकुमारच्या मनात पाल चुकचुकली. स्टेशन रोडवर त्याचं चष्म्याचं दुकान अठरा वर्षांचं. तिचं नांदेड नाक्यावरचं दुकान चार महिन्यांचं. त्यात बाई डोळे तपासायचं रीतसर शिक्षण घेऊन आलेली. मग क्लबात काय भजन करायला आली?

हिंगोलीतल्या या सेवा क्लबात दर गुरुवारी संध्याकाळी वीस-पंचवीस जण जमायचे. वकील, डॉक्टर, हळदीचे व्यापारी, दोन-तीन प्राध्यापक. नव्या माणसाने एक मिनिटात आपली ओळख सांगायची. बाकीचे त्या मिनिटात दुकानाचा पत्ता तीनदा सांगत. महेजबीन म्हणाली, "डोळे तपासते. शिबिर असलं की मला सांगा," आणि खाली बसली. कार्ड वाटलं नाही.

त्यानंतर तीन महिने ती पडेल ते काम करत राहिली. रक्तदानात नावं लिहिली, शाळेत मुलींचे डोळे तपासले, कार्यक्रम संपल्यावर सतरंज्याही गुंडाळल्या. विजयकुमार क्लबाचा सचिव. त्याला दिवसेंदिवस खात्री होत गेली की पाणी कुठेतरी मुरतंय. एकदा त्याने चहाच्या कपाआडून विचारलंच, "मॅडम, यात तुमचा फायदा काय?"

ती हसली. "ओळखी होऊन राहिल्या ना, भाऊ."

ओळखी! म्हणजे गिऱ्हाइकं, असा त्याने मनातल्या मनात अर्थ लावला.

जवळा बाजारला बाजाराच्या दिवशी नेत्रशिबिर ठरलं. तपासणीला महेजबीन बसणार होती. तपासल्यावर रुग्णाला द्यायच्या चिठ्ठ्या छापून आणायचं काम सचिवाचं. चिठ्ठीवर कुणाही सभासदाच्या दुकानाचं नाव नको, हा क्लबाचा जुना नियम, आणि तो सभेत वाचून दाखवायचा विजयकुमारच. पण ही बाई शंभर माणसं आपल्या दुकानी वळवणार, या विचाराने त्याला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. शेवटी त्याने चिठ्ठीच्या तळाला एक ओळ घालून घेतली. 'चष्म्यासाठी भेटा,' आणि पुढे स्वतःचं दुकान. तिने करायच्या आत आपण केलं, एवढंच. चिठ्ठ्यांचा गठ्ठा त्याने शिबिराच्या सकाळी थेट तिच्याच टेबलावर ठेवला.

शिबिरात तो नावनोंदणीला बसला, पण नजर तिच्या टेबलावर. बाई काही चिठ्ठ्या उलटून मागच्या बाजूला काहीतरी लिहीत होती. सगळ्यांवर नाही, निवडक. आपल्या दुकानाचा पत्ता, दुसरं काय! त्याच्या जिवाचा नुसता जळफळाट झाला.

तिसऱ्या दिवशी शिरड शहापूरची गोजरबाई भाच्याला घेऊन दुकानात आली. "साहेब, चष्मा करून द्या. चिठ्ठीवर तुमचंच दुकान छापलंय म्हनं."

विजयकुमारने आधी चिठ्ठी उलटली. मागे निळ्या शाईत लिहिलं होतं, 'दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाटतो. आधी सरकारी दवाखान्यात दाखवा. आत्ता चष्मा करू नका.'

"आजी, मॅडमनी तुमाला काही सांगितलं न्हाई?"

"सांगितलं की, आप्रेशन करा म्हनली. पन मला भ्या वाटतं. ह्यानं वाचून दाखिवलं, चष्म्यासाठी तुमाला भेटा. म्या म्हनलं, छापल्यालं हाय म्हंजी चष्म्यानंच भागत आसल."

विजयकुमारने चिठ्ठी काउंटरवर ठेवली. त्याने महेजबीनला फोन लावला.

"मॅडम, चिठ्ठीवरची ओळ तुमी पाहिली होती?"

"पहिल्याच चिठ्ठीवर."

"मंग काहून बोलल्या न्हाईत?"

"बोलले असते तर तुम्ही म्हणाला असता, ही आपल्या दुकानासाठी भांडून राहिली. समोर रांग होती, भाऊ. म्हणून मागं लिहीत बसले. अकरा जण आहेत तसे."

तिच्या आवाजात राग असता तर त्याला बरं वाटलं असतं. तो नव्हता. विजयकुमारला स्वतःचीच किळस आली.

त्याने दुकान नोकरावर सोपवलं. गोजरबाईला रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं, केसपेपर काढून डोळ्यांच्या विभागाबाहेर भाच्याशेजारी बसवलं. मग व्हरांड्यात महेजबीनकडून फोनवर उरलेल्या दहा जणांची नावं घेतली, सोबत आणलेल्या नोंदणीच्या वहीत त्यांचे नंबर शोधले आणि पहिला फिरवला. पलीकडे जवळा बाजारचा संतराम होता.

"मी विजयकुमार. क्लबाचा सचिव, शिबिरात नावं लिहीत होतो. तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाटतोय. चिठ्ठीवर छापलेल्या दुकानात जाऊ नका, आत्ता चष्मा करू नका. आधी सरकारी दवाखान्यात या. मी इथंच हाय."

 संतरामने संशयाने विचारलं, "ते समदं बराबर हाय, साहेब. पन यात तुमचा फायदा काय?"

"तुमी या तर खरं, मी थांबतो," विजयकुमार म्हणाला. मग त्याने वहीतला दुसरा नंबर फिरवला.