पोह्यांऐवजी सिगारेट

मागच्या दिवाळीत चिन्मय मला बघायला आला, तेव्हा पोहे खाता खाता त्याची आई म्हणाली होती, "पोरगी जाड हाय. बारीक झाली तर बघू."

शिकायला राहायचे त्या हिंगोलीच्या खोलीवर मी जेवणाऐवजी सिगारेट ओढू लागले. भूक तेवढ्यापुरती मरायची. मग एकदम उसळायची, हाताला येईल ते खायचे आणि घशात बोटं घालून ओकायचे. केस गळाले, पाळी थांबली.

आज ती बाई पुन्हा आमच्या गावी, जवळा बाजारला, घरी आली. "आता कशी छान दिसून राहिलीस. काय केलंस गं?"

पोह्यांच्या ताटलीत मी सिगारेटचं पाकीट ठेवून तिच्यापुढं धरलं.

"हे केलं, मावशी. पाळीबी बंद झाली. डॉक्टरनं हे सोडून जेवायला सांगितलंय, आता मी पुन्हा जाड होणार. तुमी उठा."