पाकिटातली हिरवी रेघ

चिप्सच्या पाकिटात निम्मी हवाच असते अशी तक्रार करणाऱ्यांना मी एकदा आमच्या स्टुडिओत बोलावणार आहे. आमच्या पाकिटात चिप्स नसतातच, कापूस असतो. पाकीट मागून अलगद उघडायचं, कापूस भरून गुबगुबीत करायचं, परत चिकटवायचं आणि मग तासभर बोटांनी त्याच्या चुण्या बसवायच्या. चुणी हवी, कारण चुणीशिवाय फॉइल चमकत नाही. पण जास्त झाली की पाकीट गाडीखालून काढल्यासारखं दिसतं. गेली सहा वर्षं मी बेंगळुरूत हेच करते. पुण्यात आईला अजूनही वाटतं की मुलगी स्वयंपाकाच्या कार्यक्रमात काम करते.

त्या दिवशीचं पाकीट रत्नाबाईंचं होतं. रत्नाबाई मूळच्या निपाणीच्या, इथे बेंगळुरूच्या येलहंक्यात तीस वर्षं झाली. घराखालीच त्यांची कढई आहे. बटाटा किसणीवरून थेट उकळत्या तेलात पाडतात आणि अख्खी गल्ली वासावर गोळा होते. शहरातल्या एका दुकानसाखळीने त्यांना एका महिन्यापुरता फळीवर कोपरा दिला होता. अट एकच, कोपऱ्यावर लावायच्या पोस्टरचा फोटो त्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत पोचायला हवा. फोटो कसा हवा तेही साखळीने कळवलं होतं. झगझगीत रंगाची पाठ, मधोमध पाकीट आणि भोवती हवेत उडणारे चिप्स.

एचएसआर लेआउटमधल्या आमच्या स्टुडिओत बाई सकाळी नऊलाच हजर झाल्या. दोन बस बदलून, मांडीवर स्टीलचा डबा धरून. डब्यात पहाटे तळलेले चिप्स, वर फडकं, फडक्यावर झाकण. अंगावर हिरवंगार इरकल लुगडं, लाल काठाचं. फोटो काढायचा म्हणून ठेवणीतलं नेसून आल्या होत्या. फोटो त्यांचा नाही, पाकिटाचा आहे, हे सांगताना माझ्या जिवावर आलं, पण सांगितलं. वर एक काळा कोटही घालायला लावला. फॉइल म्हणजे आरसाच. समोर जे उभं राहील ते त्यात रेघ होऊन उतरतं, म्हणून आम्ही सगळे काळ्या कपड्यांत वावरतो.

"मयताला आल्यागत," बाई म्हणाल्या, पण कोट घातला.

त्यांना पाठीमागे हळदीचा पिवळा रंग हवा होता. पिवळ्यावर पिवळे चिप्स दिसणार कसे, असं मी जरा तोडूनच म्हटलं. माझा आवाज असाच आहे, सांगायला गेले की भांडल्यासारखा निघतो. शेवटी राणी रंगाचा कागद लावला. त्यापुढे रुपेरी पाकीट मागून दांडीवर अडकवलं तेव्हा मात्र बाईंनी मान डोलावली. अगदी जत्रेगत दिसतंय, म्हणाल्या.

आता उडणारे चिप्स. यात जादू काही नाही. शिडीवर चढायचं आणि पाकिटाच्या वरून चिप्सने भरलेलं सूप हळूच उलटं करायचं. पाकिटाच्या डोक्यावरून एक बारीक किरण आडवा सोडलेला असतो. पडणाऱ्या चिप्सने तो तोडला की कॅमेरा आपोआप फोटो घेतो, आणि दिवे इतका थोडा वेळ चमकतात की चिप्स हवेत गोठल्यासारखे दिसतात. फोटोत पडणं आणि उडणं सारखंच दिसतं, त्यामुळे बघणाऱ्याला वाटतं पाकीट फुटून चिप्स वर उसळलेत.

फोटोग्राफर नागराज खाली कॅमेऱ्यापाशी बसतो आणि कन्नडमध्ये मोजतो. ओंदु, एरडु, मूरु, बिडि. बिडि म्हणजे सोडा. पहिल्या वर्षी मला वाटलं होतं याला दर फोटोनंतर विडी ओढायची तलफ येते. हे मी बाईंना सांगितलं तेव्हा त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. निपाणीत निम्म्या गावाने विड्या वळून संसार केले म्हणे, आणि तिथल्या बाईला तू विडी शिकवतेस.

पण काम काही जमेना. बाईंच्या चिप्सना आकार म्हणून नव्हता. एक द्रोणासारखी वळलेली, दुसरी कडेला तपकिरी, तिसरी आपल्यातच मुडपलेली. मी डब्यातून निवडून निवडून सपाट तेवढे काढले, ते जेमतेम वीस भरले. ते तीनदा टाकले, तीनदा वेचले, आणि वेचताना निम्मे तुटले. दोन वाजले. नागराज घड्याळ बघायला लागला.

आता माझी चूक सांगते. माझ्या पिशवीत दुसऱ्या कंपनीच्या चिप्सचा एक डबा होता. सगळे एका मापाचे, एका वळणाचे, साच्यातून काढलेले. अडचणीला असावा म्हणून मी तो आदल्या दिवशीच घेऊन ठेवला होता. बाई हात धुवायला गेल्या तेवढ्यात मी ते सुपात ओतले. नागराजने पाहिलं, भुवया उडवल्या आणि कॅमेऱ्याकडे वळला. दोनच खेपांत स्क्रीनवर हवा तसा फोटो आला. सुबक, स्वच्छ. मी सुटकेचा निःश्वास टाकला.

बाई परत आल्या. स्क्रीनकडे पाहायच्या आधीच त्यांच्या पायाखाली एक चिप मोडली. त्या थांबल्या. खाली वाकून त्यांनी दुसरी उचलली, कानाशी नेऊन मोडली आणि माझ्याकडे पाहिलं.

"हे माझे नव्हेत."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी तोंड गप्प बसेना. फोटोत असं चालतं, सगळेच करतात, लोक काही मोजून बघत नाहीत, तुमचे चिप्स चवीला चांगले आहेत पण दिसायला नाहीत, असं मी धडाधड बोलत सुटले. शेवटचं वाक्य बोलू नये हे ते बोलून झाल्यावर कळलं.

बाईंनी काळा कोट काढला, घडी घातली आणि खुर्चीवर ठेवला. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला सोपं गेलं असतं.

"पोरी, पाकिटावर नाव माझं हाय," त्या म्हणाल्या. "तीस वरसं हात भाजून घेतला तो असल्या छापाच्या चिपाला माझं नाव द्याला नव्हं. माझे उडत नसतील तर नको फोटो. कोपरा बी नको."

मी नागराजकडे पाहिलं. फोटो पाठवायला दोन तास उरले होते. बाईंना तो कोपरा किती हवा होता ते त्या इरकलवरूनच कळत होतं. मी गुपचूप खाली बसून ते साच्यातले चिप्स वेचायला लागले. लाज वाटत होती, आणि लाज वाटली की मला रागही येतो, म्हणून मान वर केली नाही.

तेवढ्यात बाई आपला डबा घेऊन शिडी चढायला लागल्या. साठीची बाई, नेसूचं आवरत, एक हात शिडीला. वर जाऊन त्यांनी सगळा डबा सुपात ओतला. सपाट, वाकडे, जळके, सगळे. मी घाबरून शिडी धरली. नागराजचा धीर सुटला. तो फार भला माणूस आहे, पण त्याच्या डोळ्यांपुढे आता पडणारी म्हातारी दिसत होती. फोटो राहू दे, असू दे, उतरा खाली, अशा अर्थाने त्याने दोन्ही हात जोडून म्हटलं, "बिडि, अक्का."

अक्कांनी सोडलं.

किरण बंद करायचा राहून गेला होता. दिवे लखकन चमकले, सूपभर चिप्स माझ्या डोक्यावर, कॅमेऱ्यावर, नागराजच्या चहात पडले, आणि मग सगळं शांत झालं. वरून बाई म्हणाल्या, "आला का बघा."

स्क्रीनवर फोटो यायला दोन क्षण लागतात. तो आला आणि नागराज खुर्चीतून उठलाच. मी मघाशी काढलेल्या फोटोत चिप्स ताटल्या टांगल्यासारखे दिसत होते. इथे एकही चिप दुसरीसारखी नव्हती. द्रोणासारख्या वळलेल्या चिपच्या पोटात उजेड साठला होता. पातळ होत्या त्यांच्यातून मागचा दिवा आरपार आला होता आणि त्या मधासारख्या दिसत होत्या. तपकिरी कडांमुळे राणी रंगावर प्रत्येकीला कुणीतरी पेन्सिलने काठ काढल्यासारखा वाटत होता. एक मुडपलेली तर अशी गिरकी घेत होती की बघताना कुरकुर ऐकू यावी. सहा वर्षांत मी इतका आनंदी फोटो पाहिला नव्हता. मला हसू आलं आणि रडूही आलं, आणि केसांतून चिप्सचा चुरा गळत होता.

बाई उतरून आल्या. बराच वेळ बघत राहिल्या. मग एका बोटाने एकेक दाखवायला लागल्या. ही शेवटच्या घाण्यातली, ही मोठ्या बटाट्याची, ही जरा जास्तच तळली.

मी त्यांची माफी मागितली. दिसण्याबद्दल बोलले ते चुकलं, आणि डब्याचं तर चुकलंच, असं सरळ म्हटलं. त्यांनी माझ्या केसांतला एक तुकडा काढून माझ्याच तोंडात घातला.

"पण अक्का," मी विचारलं, "नागराज राहू दे म्हणत होता. तुम्हाला इतकं चांगलं कन्नड येतं, कळलं नाही?"

"बिडि म्हणाला. सोडलं," बाई म्हणाल्या, आणि चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही.

साडेचार वाजता नागराज फोटोवर शेवटचा हात फिरवत होता. दांडीचं टोक पुसलं, धुळीचे कण पुसले. मग त्याने फोटो मोठा केला आणि जीभ चावली. पाकिटाच्या डाव्या अंगाला, फॉइलच्या एका चुणीत, वरपासून खालपर्यंत एक बारीक हिरवी रेघ उतरली होती. तिच्या कडेला केसाएवढा लाल काठ. बाईंनी कोट काढला होता ना. पुसायला त्याला मिनिटही लागलं नसतं. त्याने बाण रेघेवर नेला आणि सवयीने माझ्याकडे पाहिलं, कारण एरवी अशा रेघेवरून आरडाओरडा करणारी मीच.

बाई खुर्चीवर बसून रिकामा डबा फडक्याने पुसत होत्या. त्यांना काही दिसलं नव्हतं.

"बिडि, नागराज," मी म्हटलं.

त्याने बाण बाजूला घेतला. पाचला दहा मिनिटं असताना फोटो गेला.

रेघेचं मी बाईंना फोनवर सांगितलं, नंतर. त्या सरी म्हणाल्या, म्हणजे बरं, आणि फोन ठेवला.

पुढच्या रविवारी मी त्या साखळीच्या येलहंक्यातल्या दुकानात गेले. कोपऱ्यावर राणी रंगाचं पोस्टर झळकत होतं आणि खालची फळी निम्मी रिकामी झाली होती. बाई तिथेच उभ्या होत्या, तेच इरकल नेसून. एक अनोळखी बाई पाकीट घेऊन निघाली होती, तिला त्यांनी थांबवलं. पोस्टरवरच्या चुणीवर बोट ठेवलं, मग आपल्या पदरावर ठेवलं, आणि आधी कन्नडमध्ये, मग मला पाहिल्यावर मराठीत म्हणाल्या, "ही मी."