रिव्ह्यूला टाकलंय

सकाळच्या बैठकीत साहेबांनी हातातला फोन टेबलावर उपडा ठेवला आणि कुणाकडेही न बघता म्हणाले, "एक आजी पडल्या."

ही कंपनी एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी गळ्यात घालायचं बटण बनवत असे. पडलं, छातीत दुखलं, घाबरायला झालं की बटण दाबायचं. त्यांच्याच मोबाइलमधून मदत केंद्राला हाक जायची. त्या हाकेमागचं सगळं सॉफ्टवेअर या खोलीतली सात माणसं लिहीत होती. त्यांची प्रमुख होती ताई. खरं नाव कुणी घेत नसे, वयाने मोठी माणसंही तिला ताईच म्हणत.

"बाथरूमच्या दारात पडल्या," साहेब म्हणाले. "बटण दाबलं, पुन्हा पुन्हा दाबलं. आपल्याकडे काहीही आलं नाही. दुसऱ्या दिवशी शेजारणीने दार वाजवलं तेव्हा कळलं. खुब्याचं हाड मोडलंय. जीव वाचला, एवढंच."

"हाक आलीच नाही? असं कसं होईल?" ताईने विचारलं.

"ते तुम्ही मला सांगायचं."

तेवढ्यात टेबलाच्या टोकाकडून अगदी बारीक आवाज आला. संघात सगळ्यात नवीन असलेली मुलगी होती ती. इतकं हळू बोलायची की सगळे तिला चिमणी म्हणायचे.

"हाक पाठवता पाठवता मोबाइलची रेंज गेली, तर आपलं ॲप पाठवली असंच समजतं," ती म्हणाली. "परत पाठवतच नाही, कितीही वेळा बटण दाबलं तरी. पण ते... ते मी दुरुस्त केलंय."

"कधी?"

"मागच्या आठवड्यात. रिव्ह्यूला टाकलंय."

त्यांच्याकडे नियमच होता. कुणीही लिहिलेला कोड दुसऱ्या कुणीतरी वाचून होकार दिल्याशिवाय पुढे जायचा नाही. चांगला नियम होता, ताईनेच घातलेला. तिने तिथल्या तिथे लॅपटॉप उघडला. चिमणीचं काम समोर आलं. एका पानातही मावेल एवढा छोटा बदल. आजी पडल्या त्याच्या कितीतरी आधी 'तयार' अशी खूण केलेली, आणि खाली माणसाचा एक शब्द नाही.

"कुणाकडे होतं हे बघायला?"

"सगळ्यांकडे," चिमणी म्हणाली. "सहाही जणांना सूचना जाते."

ताईने एकेकाकडे बघितलं. संघातले सगळ्यात अनुभवी प्रोग्रामर, ज्यांना सगळे मास्तर म्हणत, त्यांनी चष्मा काढला. "मी पाहिलं होतं," ते म्हणाले. "म्हणजे, आलंय हे पाहिलं. म्हटलं, छोटंसं आहे, कुणीतरी उरकून टाकेल."

"मलाही तसंच वाटलं," दुसरा एक जण पुटपुटला.

प्रत्येकाला तसंच वाटलं होतं. ताईलासुद्धा. तिच्या नावावरची सूचनाही न उघडलेली होती. सहा माणसांनी बघितलं आणि एकानेही उघडलं नाही. म्हणतात ना, बारभाईची खेती, काय लागेल हाती.

साहेब भिंतीवरच्या मोठ्या पडद्याकडे बोट दाखवत म्हणाले, "पण तिथे तर हिरवं आहे. रिव्ह्यूला पहिलं उत्तर काही मिनिटांत मिळतं, असं मी दर महिन्याला वर सांगतो!"

खरंच, पडदा हिरवागार होता. ताईने चिमणीच्या कामावर परत नजर टाकली आणि तिच्या लक्षात आलं. कोड टाकला रे टाकला की एक यांत्रिक तपासनीस त्याच्यावर आपोआप शेरा मारत असे, 'स्वल्पविराम, मोकळ्या जागा ठीक'. पडदा त्या यंत्राचा शेराच पहिलं उत्तर म्हणून मोजत होता. वर्षभर त्यांनी यंत्राच्या हजरजबाबीपणावर स्वतःची पाठ थोपटून घेतली होती.

त्या दिवशी चिमणीची दुरुस्ती ताईने आणि मास्तरांनी शेजारी बसून वाचली. चहा गार व्हायच्या आत वाचून झाली. तेवढ्या वाचनासाठी ती इतके दिवस पडून होती.

घरी आल्यावर ताई जेवायच्या टेबलावर सासूबाईंच्या गळ्यातल्या बटणाकडे बघत राहिली. तिनेच हौसेने आणून दिलेलं.

"काय गं, घास तोंडात आणि डोळे माझ्याकडे," सासूबाई म्हणाल्या. "बटण बिघडलंय की काय?"

"बिघडलं होतं," ताई म्हणाली. नवरा वाढता वाढता थांबला.

दोन दिवसांनी ती त्या आजींना भेटायला हॉस्पिटलमध्ये गेली. साहेबांनी बजावलं होतं, "तब्येत विचारा, फुलं द्या, जास्त बोलू नका." चिमणी हट्टाने बरोबर आली होती. आजी उशांना टेकून बसल्या होत्या, पाय वजनाला बांधलेला. उशाशी त्यांचा मुलगा उभा होता. ताईने फुलं ठेवली आणि खरं ते सांगून टाकलं.

"म्हणजे औषध करून ठेवलं होतंत," आजी सावकाश म्हणाल्या, "आणि बाटलीचं बूच कुणी काढलं नाही."

"हो, आजी."

"मी रात्रभर बटण दाबत होते गं. वाटलं, माझ्याच बोटात जोर नाही."

चिमणी रडायला लागली. मुलाने खिशातून ते बटण काढलं आणि ताईच्या हातावर ठेवलं. "हे घेऊन जा," तो म्हणाला. आवाज चढवला असता तर बरं वाटलं असतं, इतक्या शांतपणे म्हणाला.

परत आल्यावर ताईने पहिलं काम केलं ते मोजण्याचं. 'तयार' ही खूण केल्यापासून पहिल्या माणसाने तोंड उघडेपर्यंत किती वेळ गेला ते. यंत्राचा शेरा धरायचा नाही, अर्धवट ठेवलेली कामं धरायची नाहीत. मास्तर म्हणाले, "रात्री आणि सुट्ट्या तरी वगळ."

"वगळून एकदा मोजते, न वगळता एकदा," ताई म्हणाली. "आपण सुट्टीवर असलो म्हणून कुणी पडायचं थांबत नाही."

आकडे समोर आले. बहुतेक कामं लिहायला लागत होता एखादा दिवस, आणि नुसती ताटकळत होती त्याच्या तिप्पट. सरासरी काढली की फार रखडलेली कामं त्यात लपून जात होती. सगळ्यात जास्त रखडलेली दहा कामं ताईने वेगळी काढली, तर काहींना बुरशी यायची बाकी होती. लिहिणारी माणसं मात्र कधीच रिकामी नव्हती. एक काम रिव्ह्यूला टाकलं की दुसरं हातात घ्यायची. माणसं धावत होती आणि कामं झोपली होती.

साहेबांना प्रत्येकाच्या नावापुढे आकडा लावून भिंतीवर हवा होता. ताईने साफ नकार दिला. "गुन्हेगार शोधायचा असेल तर सहाही जणांचे फोटो लावा. पहिला माझा."

नियम बदलले. सूचना सगळ्यांना न जाता पाळीपाळीने एकाच माणसाच्या नावावर जाऊ लागली. तो नसेल तर पुढच्याच्या. बदल लहान तुकड्यांत टाकायचे. आणि नवं काम हातात घेण्याआधी दुसऱ्याचं थांबलेलं बघायचं. यावर मास्तर चिडले. "हातातलं टाकून सारखं दुसऱ्याचं वाचायचं म्हणजे डोक्याची मंडई होते!" त्यांचंही खरं होतं. मग ठरलं की आल्याआल्या आणि जेवणानंतर, अशा दोनच वेळा वाचायचं, पण त्या चुकवायच्या नाहीत.

भिंतीवरच्या पडद्यावर ताईने प्रत्येक थांबलेल्या कामापुढे चालतं घड्याळ लावलं. ताटकळणं झपाट्याने उतरलं. साहेब खूश झाले. ताईला हायसं वाटलं. पुढच्या महिन्यात तर आकडा इतका खाली आला की ती आनंदाने उठून पडद्यापाशीच गेली. मग एकाएकी तिला ते खटकलं. हे फारच छान होतं. तिने ताज्या कामांपैकी एक उघडलं. मास्तरांचा लांबलचक बदल होता, आणि एका मिनिटात होकार. होकार देणारी होती चिमणी.

ताईने चिमणीला बाजूला बोलावलं. "हे वाचलंस?"

"नाही," चिमणी म्हणाली.

"तू? तूच?"

"मास्तरांचं होतं ना. त्यांच्या कोडात मी काय काढणार? आणि पडद्यावर घड्याळ चालू असतं, ताई. कुणाला तरी परत माझ्यामुळे..."

ताईला ओरडायचं होतं, पण घड्याळ भिंतीवर लावणारी तीच होती. तिने तो बदल पुढे जाण्याआधी रोखला, खुर्ची ओढली आणि म्हणाली, "बस. आता वाच. मी थांबते."

चिमणी वाचू लागली. ऑफिसमधली माणसं जेवून परत आली तरी ती वाचतच होती. एका ठिकाणी तिचं बोट थांबलं. ती मागे गेली, परत पुढे आली.

"ताई, मास्तरांना बोलवाल?"

मास्तर आले. चिमणी लॅपटॉपकडे बघतच बोलली, कारण त्यांच्याकडे बघून तिला बोलता आलं नसतं. "एकाच माणसाची हाक दहा मिनिटांत दोनदा आली, तर दुसरी आपण टाकून देतोय. तीच परत आलीय असं समजून."

"बरोबर. तुझी दुरुस्ती परत परत पाठवते, म्हणून तर ते घातलं."

"पण पहिल्यांदा बटण चुकून दाबलं गेलं, त्यांनी ते रद्द केलं, आणि लगेच खरंच पडले तर?"

मास्तर वाकले. त्यांनी त्या ओळी वाचल्या, मग पुन्हा वाचल्या.

"अरे देवा," ते म्हणाले. "ती हाक मी फेकून दिली असती."

मास्तरांनी खुर्ची ओढून चिमणीच्या शेजारी घेतली. "तू सांग, मी लिहितो," ते म्हणाले. चिमणी बोलू लागली, नेहमीच्याच बारीक आवाजात, आणि ऐकू यावं म्हणून मास्तर कान तिच्याकडे करून बसले.

ताईने पडद्यावरचं चालतं घड्याळ काढून टाकलं. ताटकळण्याचा वेळ आठवड्यातून एकदा सगळ्यांनी मिळून बघायचा असं ठरलं, आणि त्याच्या शेजारी आणखी एक आकडा आला: होकार मिळाल्यावरही किती चुका निसटून पुढे गेल्या. पुढच्या आठवड्यात ताटकळणं थोडं वाढलेलं दिसलं. साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"हे परत वर का चाललंय?"

"वाचायला वेळ लागतो, साहेब," मास्तर म्हणाले, आणि पुढच्या माणसाचं थांबलेलं काम उघडायला वळले.