पहिल्या मार्गाखालची सही

आमचे डॉक्टर कुलथे घाबरट पेशंटला खुर्चीत बसवून समजावत नसत. खुर्चीतल्या माणसाला काही ऐकू येत नाही, असं त्यांचं म्हणणं. ते काय काय करणार, किती खेपा, किती पैसे आणि दुसरा पर्याय कोणता, हे सगळं साध्या मराठीत पत्रात लिहून देत. पेशंटने घरी निवांत वाचायचं, पटेल त्या मार्गाखाली सही करायची आणि पत्र परत आणायचं. त्याशिवाय हत्याराला हात नाही. डॉक्टरांचं अक्षर मुंग्यांच्या रांगेसारखं, म्हणून ही पत्रं मी लिहायची. पंधरा वर्षं नाशिक रोडच्या त्या दवाखान्यात केस पेपर, हत्यारं उकळणं आणि पत्रं, सगळं मालनबाईच. पत्रं मी फार चांगली लिहायची. त्याचा मला गर्व होता, तो इथे सांगून टाकते, कारण पुढे त्याची फजिती आहे.

ब्याऐंशी साली लताबाई पगारे आल्या. कॉलनीतल्या बुद्धविहारात बायकांचं गाणं बसवायच्या, एप्रिलमध्ये तर त्यांना श्वास घ्यायला वेळ नसायचा. आवाज असा की मी एकदा भाजीची पिशवी हातात धरून पूर्ण गाणं उभ्याने ऐकलं होतं. वरचे समोरचे दोन दात आतून सडले होते, हिरडीवर पू. लहानपणी सायखेड्याच्या बाजारात दातवाल्याने चिमट्याने त्यांची दाढ उपटली होती, चार माणसांनी हातपाय धरून. रजिस्टरात त्यांनी स्वतः सही केली. चौथी शिकलेल्या, अक्षर उभं, मोठं, एकेक काना जोर देऊन काढलेला. आरसा घालून बघू दिलं, एक्स-रे काढू दिला. डॉक्टरांनी "इंजेक्शन" म्हटलं मात्र, बाई पदर तोंडाला लावून जिन्याखाली.

"पत्र लिहा," डॉक्टर म्हणाले. "एक्स-रेत मुळं चांगली आहेत. दात वाचतील. हे मोठ्या अक्षरात लिहा."

मी लिहिलं. "लताबाई, तुमचे दोन्ही दात वाचू शकतात. पहिला मार्ग: आधी दात साफ करू. मग हिरडी बधिर करून दातातली सडलेली नस काढू, आत औषध घालू, आठ-आठ दिवसांनी चार खेपांत मुळं भरू. त्यानंतर दोन खेपांत वर टोप्या बसवू. साफसफाई चाळीस, मुळांचे तीनशे, टोप्यांचे दोनशे, एकूण पाचशे चाळीस रुपये. दर खेपेला थोडे थोडे दिले तरी चालतील. दुसरा मार्ग: साफसफाई करून दोन्ही दात काढू. दीड-दोन महिने जखम भरू देऊ, मग माप घेऊन काढता-घालता येणारी दोन दातांची कवळी देऊ. चाळीस, तीस आणि नव्वद, एकूण एकशे साठ. ही कवळी टाळूला टेकते, बोलताना आणि गाताना सवय व्हायला वेळ लागतो, आणि पुरती सवय होईलच असं नाही. इंजेक्शनची टोचणी दोन्ही मार्गांत आहे. मध्येच भीती वाटली तर डावा हात वर करा, मी थांबेन. घाई नाही. तुम्ही ठरवा."

दुसऱ्या दिवशी पत्र न्यायला त्यांचे मालक आले, मल्हारीभाऊ. माणूस वाईट नाही. तोंडभर "जयभीम ताई" म्हणणारा, सरकारी नोकरीतला. मी पाकीट त्यांच्या हातात दिलं. बाईचं पत्र बाईलाच द्यावं, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. आमच्याकडे बायकांची पत्रं, पगार, औषधं, सगळं मालकांच्याच हातात जातं. त्यात मी नवीन काय केलं?

चार दिवसांनी तेच पत्र परत घेऊन आले. दुसऱ्या मार्गाखाली सही, 'लता म. पगारे'. तिरकं, सराईत, कारकुनी अक्षर.

मी रजिस्टर रोज उघडत होते. ती सही लताबाईंची नाही, हे मला तेव्हाच कळलं. तुम्हाला खोटं कशाला सांगू? कळलं आणि मी पत्र केस पेपरला टाचून टाकलं. नवऱ्याने बायकोची सही करणं म्हणजे काही चोरी नाही, रेशनच्या दुकानात, बँकेत, शाळेत सगळीकडे चालतं. मी विधवा बाई, माझ्या नवऱ्याने माझ्या किती सह्या केल्या असतील, मला मोजता यायच्या नाहीत.

"एकदाच काय तो तरास, ताई," मल्हारीभाऊ आपण होऊन म्हणाले. "सहा खेपा तिला झेपायच्या नाय. दर खेपेच्या आदल्या दिवसापासून जेवायची नाय ती." खरंही असेल. पण बोलताना त्यांचं बोट पाचशे चाळीसवर होतं.

लताबाई खुर्चीत बसल्या तेव्हा डोळे घट्ट मिटलेले. डॉक्टरांनी पत्र पाहिलं, तोंड वाकडं केलं. "ठरलं ना तुमचं? काढायचे?" लताबाईंनी मान डोलावली. इंजेक्शन दिलं, दात निघाले. डावा हात एकदाही वर आला नाही. त्या खुणेचं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

दोन महिन्यांनी कवळी बसली. त्यानंतर त्या तीनदा आल्या. स म्हणताना शिट्टी वाजते, ताण घेतला की कवळी सुटते. डॉक्टरांनी घासून दिली, तार आवळली. एप्रिलमध्ये विहारात दुसरीच बाई पुढे उभी राहिली, लताबाई मागे टाळ्या वाजवत होत्या. मी गेले होते. तिथून लवकर निघाले.

मेमध्ये एका दुपारी त्या एकट्या आल्या. डॉक्टर जेवायला गेले होते.

"शकुबाईचा दात वाचवला तुम्ही. शेजारीण माझी," त्या म्हणाल्या. "तिला पत्र दिलं, त्यात दोन रस्ते हाएत. माझ्या पत्रात काय होतं? हे म्हणाले, डॉक्टरांनी लिवलंय, दात गेलेले हाएत, काढावेच लागतील."

मला पळून जावंसं वाटलं. पळाले नाही, एवढंच काय ते माझ्या बाजूने. केस पेपर काढून त्यांच्यापुढे ठेवला.

त्या बोट ठेवून वाचत होत्या, माझंच सुंदर अक्षर. 'तुमचे दोन्ही दात वाचू शकतात' इथे बोट थांबलं, मागे गेलं, परत पुढे आलं. 'डावा हात वर करा' वाचून त्यांनी स्वतःचा डावा हात पाहिला. मग खालची सही.

"ही माझी नाय."

"नाही," मी म्हटलं.

"तुम्हाला ठाऊक होतं. माझी सही वहीत हाय तुमच्या."

"होतं."

वाटलं, आता शिव्या देतील. दिल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या, बरंच वाटलं असतं. पण त्यांनी टेबलावरचा माझा पेन घेतला. पहिल्या मार्गाखालच्या रिकाम्या जागेत, जोर देऊन, एकेक काना काढत सही केली. खाली तारीख घातली, त्या दिवसाची. पत्र माझ्याकडे सरकवलं.

"आता बघा जुळवून," त्या म्हणाल्या. स ची शिट्टी नव्हती त्या वाक्यात, तरी कवळी हलली. त्यांनी हाताने ती दाबून बसवली आणि जिना उतरून गेल्या.

मी रजिस्टर उघडलं. सही तंतोतंत जुळत होती.