न मोजलेले आकडे

दवाखान्यात पहिला संगणक आला तेव्हा मला निवृत्त व्हायला आठ महिने उरले होते. त्याच्यासाठी माझं ड्रेसिंगचं टेबल हलवलं, खिडकी बंद केली, पंखा त्याच्याकडे वळवला. तीस वर्षं त्या खोलीत मी घाम पुसत नर्सचं काम केलं, तेव्हा पंखा कुणी वळवला नव्हता. पण पाहुण्याची सरबराई करायची, तक्रार करायची नाही.

वरून हुकूम असा होता की दवाखान्यातल्या सगळ्या गरोदर बायकांची हातानं लिहिलेली कार्डं महिनाअखेर संगणकात गेली पाहिजेत. नाव, वय, शेवटच्या पाळीची तारीख, मग प्रत्येक भेटीला एक ओळ: कितवा आठवडा, वजन, रक्तदाब, पोटाची उंची, बाळाचे ठोके, लघवीतली प्रथिनं. तपासण्यांचं पान वेगळं: रक्तगट, हिमोग्लोबिन, साखर आणि त्यांचे रिपोर्ट आले त्या तारखा. कल्पना वाईट नव्हती, उलट मला आवडलीच. कार्ड पावसात भिजतं, पोरं त्यावर चित्रं काढतात. आणि बाई प्रसूतीला तिसऱ्याच ठिकाणी गेली, तर तिथल्या माणसाला काही कळत नाही. सगळं एका जागी, ओळीनं दिसलं तर बरंच होतं.

ऑपरेटर म्हणून आलेली मुलगी बावीस-तेवीस वर्षांची होती. हात यंत्रासारखे चालायचे, आणि तोंडही. मला पहिल्याच दिवशी तिनं मावशी केलं. मी कार्ड वाचायचं आणि तिनं टाइप करायचं, अशी जोडी ठरली, कारण माझं अक्षर माझ्याशिवाय कुणाला लागत नाही अशी तक्रार डॉक्टरांनी लेखी केली होती. ज्यांचं स्वतःचं अक्षर फक्त औषधवाल्याला लागायचं, त्यांनी.

पहिल्याच कार्डाला आम्ही अडलो. शेवटच्या पाळीच्या जागी मी लिहिलं होतं, "नक्की आठवत नाही, शेतातली कापणी झाल्यावर." संगणकाला कापणी कळेना. तारीख टाकल्याशिवाय तो पुढचं पान उघडेना. मुलगी म्हणाली, महिन्याची एक तारीख टाकू, बाकीच्या दवाखान्यांत तेच करतात. टाकली. पुढे असं झालं की आमच्या भागातल्या एकवीस बायकांना पाळी एक तारखेलाच आली होती. एवढी शिस्त मी माझ्या घरात कधी बघितली नाही.

पोटाच्या उंचीचं तसंच. मी बोटांनी बघायची आणि लिहायची, "बेंबीच्या वर दोन बोटं." त्याला सेंटिमीटर हवे होते. मुलीनं आठवड्यांच्या आकड्याइतकेच सेंटिमीटर टाकले, कारण तेवढे टाकले की पडद्यावरचं ते घर लाल होत नव्हतं. रिकामं घर मात्र लाल व्हायचं. आणि जिथं लाल जास्त, त्या दवाखान्याचं नाव वरच्या कचेरीच्या यादीत खाली जायचं. आमच्या डॉक्टरांना ती यादी रोज सकाळी दिसत असे. रुग्णांकडे बघण्याआधी ते तिच्याकडे बघत.

मग आला रक्तदाब. सांगायला लाज वाटते, पण सांगते. आमच्या दाबाच्या यंत्राचा रबरी फुगा त्याआधीच अडीच महिन्यांपूर्वी फुटला होता. मी तीनदा अर्ज केला. तीनदा उत्तर आलं की नोंदवहीप्रमाणे आपल्याकडे एक यंत्र आहे, तेव्हा दुसरं देता येत नाही. ते नोंदवहीत होतं हे खरंच. कपाटातही होतं. फक्त दाब मोजत नव्हतं. डॉक्टरांचं स्वतःचं यंत्र त्यांच्या बॅगेत असायचं, पण बॅग त्यांच्या संध्याकाळच्या खाजगी दवाखान्याची होती, आमच्यासाठी उघडायची नाही. म्हणून दाबाच्या घरात मी रेघ मारत असे. न मोजलेल्याला रेघ. मला शिकवणाऱ्या मेट्रननं एकच गोष्ट हातावर फूटपट्टी मारून शिकवली होती: मोजलं नाही तर लिहायचं नाही.

संगणक रेघ घेईना. मुलीनं फोन केला. वरच्या कचेरीतून सल्ला मिळाला की मागच्या भेटीचा आकडा टाका. मुलीनं माझ्याकडे बघितलं. माझ्यापुढे साठ-सत्तर कार्डांची चळत, दारात इंजेक्शनवाल्यांची रांग. मी म्हणाले, "मागचाच टाक."

ते दोन शब्द मी बोलले, दुसऱ्या कुणी नाही.

त्या चळतीत शिंप्याच्या सुनेचं कार्ड होतं. पहिलटकरीण, जेमतेम एकोणीस वर्षांची, बोलायला लाजरी. विसाव्या आठवड्याला दाब एकशेदहा-सत्तर, तो खरा मोजलेला. त्यानंतर चोविसाव्या, अठ्ठाविसाव्या, एकतिसाव्या आठवड्याला तीन रेघा. वजन अठ्ठेचाळीस, पन्नास, बावन्न, आणि मग तीन आठवड्यांत एकदम छप्पन्न. लघवीत प्रथिनं "लेशमात्र" असं मी लिहिलं होतं, पण यादीत "नाही", "एक अधिक", "दोन अधिक", "तीन अधिक" एवढेच पर्याय होते. लेश नव्हताच, म्हणून "नाही" झालं. कडेला लाल पेन्सिलीनं मी लिहिलं होतं, "पायांना सूज. मोठ्या हॉस्पिटलात जाऊन दाब मोजून घ्या." त्या लाल अक्षरांना संगणकात घरच नव्हतं.

बरं, ती कार्ड घेऊन मोठ्या हॉस्पिटलात गेली असती तर प्रश्न मिटला असता. पण टाइप झालेली कार्डं बायकांच्या घरी परत गेली न गेली, तोच हुकूम आला की सगळी कार्डं गोळा करून कपाटात ठेवा, आता सगळं संगणकात आहे. शिपायानं घरोघर जाऊन कार्डं आणली. शिंप्याच्या बायकोनं, म्हणजे तिच्या सासूनं, ते देताना विचारलं होतं म्हणे, की आता आम्ही दाखवायचं काय. शिपाई म्हणाला, काही दाखवायला नको, ते सगळं त्यांना दिसतं.

महिनाअखेर आम्ही शंभर टक्के भरलो. सबंध विभागात पहिले. वरचे साहेब प्रमाणपत्र घेऊन स्वतः आले. अंगणात खुर्च्या मांडल्या, फुलांचे गुच्छ आणले. डॉक्टरांनी भाषणात मला दवाखान्याचा कणा म्हटलं. साहेब पडद्यासमोर उभे राहून हिरव्या ओळी बघत होते आणि मान डोलवत होते, जसं काही पीक चांगलं आलंय.

तेवढ्यात शिंप्याची बायको सुनेला धरून आत आली. सुनेचं डोकं कालपासून ठणकत होतं, डोळ्यांपुढे काजवे चमकत होते, अंगठी बोटातून निघत नव्हती. डॉक्टर साहेबांसमोर आणखीच तत्पर झाले. मुलीला म्हणाले, रेकॉर्ड काढ. रेकॉर्ड निघालं. डॉक्टरांनी साहेबांना दाखवलं, बघा सर, तेहतिसावा आठवडा, चारही भेटींना दाब एकशेदहा-सत्तर, प्रथिनं नाहीत, जोखीम कमी. एका नजरेत सगळं कळतं. मग सासूकडे वळून म्हणाले, पित्त आहे, हलकं खा, झोप घ्या. साहेब म्हणाले, वा.

मी गुच्छ हातात धरून उभी होते. एक क्षण, खरं सांगते, गप्प बसावंसं वाटलं. निवृत्तीला सात महिने राहिले होते. पेन्शनचे कागद याच साहेबांच्या सहीनं जाणार होते. सून भिंतीला टेकली होती आणि डोळे मिटून घेत होती, उजेड सहन होत नसल्यासारखी.

मी म्हणाले, "डॉक्टर, त्या चार दाबांतले तीन मोजलेलेच नाहीत."

साहेबांना वाटलं मी विनोद केला. डॉक्टर हळूच म्हणाले, "सिस्टर, हे नंतर बोलू."

"नंतर नको. ते आकडे मी टाकायला सांगितले. यंत्र फुटलंय. तुमची बॅग आणा."

कपाटाची किल्ली शिपायाकडे होती आणि शिपाई खुर्च्या मांडून चहा घ्यायला गेला होता. ऑपरेटर मुलीनं कुणाला न विचारता कागद कापायच्या सुरीनं कडी उचकटली. कार्ड डॉक्टरांपुढे ठेवलं. तीन रेघा, छप्पन्न किलो, लेश, लाल पेन्सिल. ती सगळं टाइप करणारी मुलगी, पण सगळं एकत्र असं तिनंही पहिल्यांदाच पाहिलं. बॅग आणायला डॉक्टर स्वतः गेले, पळतच.

दाब एकशेसाठ-एकशेदहा निघाला. पुन्हा मोजला, तेवढाच. लघवीची पट्टी गर्द हिरवी झाली, तीन अधिक. त्यानंतर मात्र डॉक्टर डॉक्टरसारखे वागले, हे म्हणायला हवं. झटके येऊ नयेत म्हणून दोन्ही कुल्ल्यांत इंजेक्शनं दिली, दाबाची गोळी दिली, गाडी मागवली. साहेब एकदाच बोलले, गाडी माझी घ्या. बरोबर द्यायला मुलीनं रेकॉर्ड छापलं आणि मी ते काढून घेतलं. त्यावर एकशेदहा-सत्तर चारदा छापलेलं होतं. मूळ कार्डावर आत्ताचा दाब, वेळ आणि दिलेली औषधं लिहून ते मी सासूच्या पदराच्या टोकाला सेफ्टी पिननं अडकवलं.

त्या दिवशी प्रमाणपत्र दिलं गेलं नाही. गुच्छ मात्र टेबलावर राहिले आणि दोन दिवस कुणी काढले नाहीत.

मुलगी आणि मी कार्डांवर पुन्हा बसलो. यंत्र नसताना मोजले म्हणून टाकलेले दाब एकेक काढले, एकशेचौऱ्याऐंशी भरले. ती दर वेळी विचारायची, इथं काय टाकू, आणि मी म्हणायचे, काही नाही. तिनं काहीतरी खटपट करून "मोजले नाही" असं लिहिता येईल अशी वाट काढली. घरं लाल झाली. आम्ही यादीत पहिल्यावरून एकोणिसाव्यावर गेलो. मला लेखी विचारणा आली की टक्केवारी का घसरली. आधी फुगवली होती म्हणून, असं मी लिहून पाठवलं. त्यावर उत्तर आलं नाही, पण पंधरवड्यानं दाबाचं नवं यंत्र आलं, कुठल्याही पत्राशिवाय. दाब राहून गेलेल्या सगळ्या बायकांना आम्ही बोलावून घेतलं. आणखी दोघींचा वाढलेला निघाला.

शिंप्याच्या सुनेचं चौतिसाव्या आठवड्यात सिझर झालं. मुलगी, एक किलो नऊशे. तीन आठवडे काचेच्या पेटीत ठेवली, पण जगली.

सून-बाळ घरी आल्यावर सासू एकटीच दवाखान्यात आली. कार्ड परत द्यायला आली असेल असं मला वाटलं. तिनं बाकावर बसून थोडा दम घेतला आणि विचारलं, "बाई, तीन वेळा तिचा दाब मोजलाच नव्हता, खरं का?"

"खरं."

"आणि लिहिला होता."

"संगणकात लिहिला होता. मीच लिहायला सांगितला."

तिनं शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं. मग तिनं बाही दंडावर चढवली आणि हात माझ्या टेबलावर ठेवला.

"आता माझा मोजा," ती म्हणाली. "आणि आकडा मोठ्यानं सांगा. मला ऐकायचाय."