एकच ढीग

खाडी मासेमारांनी नाही, कचेरीतल्या साहेबांनी मारली. मागेल त्याला मासेमारीचा परवाना देऊन मासळी संपवत आणली आणि वर म्हणाले, खाडी सगळ्यांची!

वहिनी नावा कमी करा म्हणायची, पण दिराचा जीव आपल्या नावेतच अडकलेला. "मी थांबलो तर माझे मासे शेजारी नेईल, वहिनी!"

"म्हणूनच भावजी, एकट्याने थांबायचंच नाही. तुमची नाव जास्तीचे मासे आणते कुठे? शेजाऱ्याच्या जाळ्यातले पळवते आणि वर डिझेल जाळते."

वहिनीने दारोदार जाऊन सगळ्यांना राजी केलं. निम्म्याच नावा पाळीने जायच्या, मासळी धक्क्यावर एकाच ढिगात ओतून सारखी वाटायची. पहिल्या हंगामात ढीग खुजा निघाला. "बाईच्या नादाने उपाशी मरू," असे टोमणे बसले, तरी तिने पाळी मोडू दिली नाही. पुढच्या हंगामात मासळी वाढली. निम्म्या डिझेलमध्ये ढीग पूर्वीपेक्षा उंच झाला, आणि दिराने मनातल्या मनात तिला हात जोडले.

नफ्याचा वास लागताच बाहेरच्यांनी नव्या परवान्यांसाठी रांग लावली. वहिनी तडक कचेरीत गेली. दीर मागोमाग होताच.

"साहेब, नावा वाढल्या की सगळ्यांचाच नफा पुन्हा डिझेलमध्ये जळणार. नवे परवाने थांबवणार की नाही? बोला, उत्तर घेतल्याशिवाय मी उठत नाही!"